अभिप्राय पेटी : नाव नसलेल्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं का?

समईवात (धागा सुरू करणार)

आमच्या मंदिरात समितीने भाविकांसाठी अभिप्राय पेटी ठेवली आहे. पेटीशेजारी लावायचं निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मसुदा असा :

"भाविकांच्या सूचना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडल्या जातील. समिती त्या वाचून योग्य ती दखल घेईल. निनावी चिठ्ठ्यांचा विचार केला जाणार नाही."

शेवटच्या वाक्यावरून समितीत सरळ दोन तट पडले आहेत. तुमच्याकडे काय करतात? मसुद्यात आणखी काही चुकत असेल तर तेही सांगा.

---

तोरण

शेवटचं वाक्य अजिबात काढू नका. आमच्याकडे एका सेवेकऱ्याविरुद्ध लागोपाठ चिठ्ठ्या आल्या. ताटातले पैसे खिशात घालतो, असा आरोप. समितीने त्या बैठकीत वाचल्या, बाहेर कुजबुज सुरू झाली आणि वीस वर्षं गाभारा पुसणारा तो माणूस यायचा बंद झाला. नंतर चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर सगळ्या एकाच हातच्या. 'स' ची गाठसुद्धा तीच. आरोप करणाऱ्याला नाव लिहायला काय हरकत आहे? देवाच्या दारात खरं बोलायला भीती कसली?

---

सांजवात

भीती कसली ते मी सांगते. मी नाव, फोन नंबर, सगळं लिहून चिठ्ठी टाकली होती. दर्शनाच्या रांगेत बायकांना मागून ढकललं जातं आणि तिथला सेवेकरी बघत राहतो, एवढंच लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात तोच सेवेकरी मला म्हणाला, "ताई, तुमची चिठ्ठी वाचली हं." सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हापासून मी त्या बाजूने रांगेत उभी राहत नाही आणि चिठ्ठी तर नाहीच नाही. रांग अजून तशीच आहे.

---

पाणपोई

मी नऊ वर्षं चिठ्ठ्यांची वही सांभाळली आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तोरण आणि सांजवात, तुम्हा दोघांच्या बाबतीत बिघडलं ते एकाच जागी : चिठ्ठी भर बैठकीत वाचली गेली, किंवा ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाच्या हातात पडली. नाव होतं की नव्हतं हा पुढचा प्रश्न. चिठ्ठी उघडली की आधी बघायचं, ती वस्तूबद्दल आहे की माणसाबद्दल. नळ, दिवा, पायरी, आरतीची वेळ, भोंग्याचा आवाज, यासाठी लिहिणाऱ्याचं नाव लागतच नाही. फरशी ओली आहे की नाही हे जाऊन बघता येतं.

आमच्याकडची 14 नंबरची चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "पहाटे पाय धुण्याच्या नळापाशी घसरायला होतं. काल एक आजी पडता पडता वाचल्या." खाली नाव नाही. आम्ही फलकावर लिहिलं, 'दखल घेतली', आणि रबराची चटई टाकली. पुढच्या महिन्यात त्याच जागेबद्दल दोन चिठ्ठ्या, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. हस्ताक्षरं वेगवेगळी. वहीत मात्र विषय 'पूर्ण' म्हणून बंद.

मग आमच्यातले एक जण काकड आरतीच्या वेळी तिथे जाऊन उभे राहिले. चटई उचलली तर खाली शेवाळ. बादलीभर पाणी ओतलं तर ते मोरीकडे न जाता पायरीकडे आलं, कारण मोरीचं तोंड फरशीपेक्षा वर होतं. त्यात सभामंडप धुण्याची वेळ भाविक यायच्या वेळेलाच. त्याच दिवशी चटई काढली आणि धुण्याचं काम आरतीच्या तासभर आधी घेतलं. उताराला गवंडी लागला, त्याला दीड महिना गेला. मीटरला सेंटीमीटरभर उतार मोरीकडे दिला तेव्हा कुठे पाणी सरळ जायला लागलं.

फलकावर तेव्हा लिहिलं ते असं : "चिठ्ठी 14. पाणी मोरीत जात नव्हतं, उतार उलटा होता. आजपासून मंडप आरतीआधी तासभर धुतला जाईल. फरशीचं काम बाकी आहे, तोवर उजवीकडचा नळ वापरावा." काय आढळलं, काय केलं, काय राहिलं. याला उत्तर म्हणायचं. 'योग्य ती दखल घेईल' हे वाक्य तुमच्या मसुद्यातून काढा, कारण ते लिहून कुणीच कशालाच बांधला जात नाही.

---

नंदादीप

पूर्ण सहमत, पण महिनाभर थांबायचं कशाला? सात दिवसांत प्रत्येक चिठ्ठीला उत्तर मिळालंच पाहिजे, आणि सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा फलकावर लावा. लपवाछपवीला वावच राहणार नाही.

---

पाणपोई

नंदादीप, मुदत हवी हे बरोबर. पण गवंड्याचं काम सात दिवसांत होत नाही, आणि मुदत गाठायची म्हणून पुन्हा 'दखल घेतली' हेच लिहिलं जातं. आम्ही दोन मुदती ठेवल्या. पेटी दर रविवारी उघडायची, आणि आठवड्याच्या आत फलकावर एवढंच लिहायचं की चिठ्ठी मिळाली आणि काम अमक्याकडे दिलं. निर्णय महिन्याच्या बैठकीनंतर. घसरण्यासारखी, विजेच्या तारेसारखी गोष्ट असेल तर बैठकीची वाट बघायची नाही. तुमच्या निवेदनात महिन्यातून एकदाच पेटी उघडायची आहे, म्हणजे पहिल्या रविवारनंतर लगेच पडलेली धोक्याची चिठ्ठी जवळपास चार आठवडे तरी आत पडून राहील.

जशीच्या तशी चिठ्ठी मात्र कधीही लावू नका. छोट्या जागी हस्ताक्षर म्हणजे सहीच. विषय आपल्या शब्दांत वहीत उतरवायचा, मूळ चिठ्ठी पाकिटात. फोटो काढून समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा नाही, तिथून तो सगळीकडे जातो.

---

ओंजळ

मला एक विचारायचं होतं. तीन वर्षांपूर्वी मुलगा आजारी होता तेव्हा मी देवासाठी चिठ्ठी लिहून अशाच एका पेटीत टाकली होती. सगळं मनातलं लिहिलं होतं, डॉक्टर काय म्हणाले तेही. ती पेटी सूचनांची होती हे आज तुमचं वाचून कळतंय. म्हणजे ती कुणीतरी वाचली असेल का?

---

पाणपोई

ओंजळताई, उघडणाऱ्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या असतील. अशा चिठ्ठ्या प्रत्येक पेटीत निघतात, परीक्षेच्या दिवसांत तर सूचनांपेक्षा त्याच जास्त. आमच्याकडे, ही देवाला लिहिलेली आहे हे कळलं की तिथेच घडी घालायची असा नियम होता. नंबर नाही, वहीत मजकूर नाही, फक्त 'प्रार्थना' म्हणून आकडा. ती देवापुढे ठेवायची आणि नंतर निर्माल्याबरोबर विसर्जन. कधी घडीत नोट निघते, ती दोघांसमोर मोजून दानाच्या हिशोबात लिहायची. तुमच्या तिथे काय केलं ते मी सांगू शकत नाही.

समईवात, हे तुमच्या निवेदनात यायलाच हवं. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा की ही पेटी समिती उघडून वाचते.

---

सांजवात

ओंजळ, वाचून गलबलून आलं. मुलगा बरा आहे ना आता?

---

ओंजळ

हो, बरा आहे. शाळेत जातो.

---

तोरण

पाणपोईंचं वस्तूंबद्दलचं पटलं. नळासाठी नाव नको. पण माझा प्रश्न माणसाबद्दलचा होता. आणि निनावी माणसाला उत्तर पोचवणार कसं?

---

पाणपोई

पोचवण्याची सोय आहे. कोऱ्या चिठ्ठीवर दोन ठिकाणी एकच नंबर छापायचा, मधे फाडायची रेघ. अर्धा भाग पेटीत, अर्धा भाविकाच्या खिशात. फलकावर नंबर शोधला की आपलं उत्तर सापडतं, नाव कुणाला कळत नाही. यात एक खोच आहे. चिठ्ठ्या कार्यालयातून एकेक दिल्या तर कुणाला कितवी दिली हे देणाऱ्याच्या लक्षात राहतं. म्हणून गठ्ठा पिसून पेटीजवळ मोकळा ठेवायचा. पेटीही कार्यालयाच्या खिडकीसमोर किंवा कॅमेऱ्याखाली नको. आमची पेटी चप्पल स्टँडच्या बाजूला हलवली आणि त्याच महिन्यात पहिल्यांदा माणसांबद्दलच्या चिठ्ठ्या आल्या. पेटी रिकामी निघते याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा घेऊ नका.

माणसाबद्दलची चिठ्ठी दोघांनीच वाचायची, आणि त्यातला एक जण समितीबाहेरचा असावा. पेटीला दोन कुलपं, दोघांकडे एकेक किल्ली. चिठ्ठीत तपासता येण्याजोगं काय आहे तेवढंच बाहेर काढायचं. 'ताटातले पैसे घेतो' यावरून त्या माणसाला धरायचं नाही. ताट कोण उचलतं, किती जण मोजतात, वहीत दोघांच्या सह्या आहेत का, हे बघायचं. एकटाच मोजत असेल तर दोष पद्धतीचा. दुसऱ्या दिवसापासून दोघं बसवा, कुणाचं नावही घ्यावं लागत नाही. खजिनदाराबद्दलची चिठ्ठी खजिनदाराकडे जाणार नाही, हेही लिहून ठेवा. आणि एकाच हातच्या दहा चिठ्ठ्या वहीत एक नोंद म्हणून जातात. तुमच्या सेवेकऱ्याच्या बाबतीत हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

---

तोरण

आणि त्या सेवेकऱ्याला सांगायचं की नाही, की तुझ्याबद्दल अशी चिठ्ठी आली होती? माझ्या मते सांगायलाच हवं. आपल्यामागे दोन माणसं आपला हिशोब तपासत होती हे त्याला नंतर बाहेरून कळलं तर तो पुन्हा पायरी चढेल का?

---

सांजवात

सांगितलं की तो लिहिणारी शोधणार. मी अनुभव घेतला आहे. एक बाई, एक प्रसंग, एक वार, एवढ्यावरून ओळखता येतं.

---

पाणपोई

इथे माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. आम्ही तपासात काही निघालं तरच सांगायचो, आणि तेही प्रसंग न सांगता. यावरून एक जुना सेवेकरी दुखावला गेला, हे खरं आहे.

---

समईवात

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा टाकते, उद्या बैठकीत ठेवणार आहे :

"ही पेटी समिती उघडून वाचते. देवाला लिहिलेली चिठ्ठी निघाल्यास ती पुढे न वाचता देवापुढे ठेवली जाईल. पेटी दर रविवारी दोन जण उघडतील, त्यातील एक समितीबाहेरचे असतील. नाव लिहिणं आपल्या इच्छेवर आहे. नंबराचा अर्धा भाग जपून ठेवा. चिठ्ठी मिळाल्याची नोंद आठवड्यात आणि निर्णय महिन्याच्या बैठकीनंतर त्या नंबरापुढे फलकावर लिहिला जाईल. सूचना मान्य नसेल तर कारण लिहिलं जाईल. व्यक्तीबद्दलच्या तक्रारीचा मजकूर फलकावर येणार नाही, आणि ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांच्या हाती ती चिठ्ठी दिली जाणार नाही."

तोरण, तुमचा मुद्दा मी वाक्य न करता बैठकीत प्रश्न म्हणून मांडणार आहे.

---

तोरण

मांडा. आणि तो सेवेकरी माझा शेजारी आहे, म्हणून मी इतका अडून बसलो हेही त्यांना सांगितलंत तरी चालेल.

---

नंदादीप

फलक डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेडात लावा. आमचा दिव्याच्या वर आहे, खालून काही वाचता येत नाही.