शब्दचर्चा: नाचाच्या संचाला ‘फेर’ म्हणावं का?

बेलापूरकर: आमच्या नाचाच्या गटाला नाव हवंय. १३ ते १७ वयाची सोळा मुलं-मुली, नाच तीन: कोळी, जाखडी, तारपा. मुलांना ‘संच’ नको, म्हणे प्रश्नसंच आठवतो. मोठ्यांना इंग्रजी नाव नको. ‘फेर’ सुचलंय. ‘फेर नृत्यपथक’ कसं वाटतं?

ऐरोलीकर: त्यापेक्षा ‘फड’ घ्या. अस्सल शब्द आहे, पण तो फक्त तमाशाचा, एवढीच अडचण.

जुनाठाणेकर: फक्त तमाशाचा कसा? कुस्तीचा फड असतो, उसाचाही असतो. पण नाचापुढे ‘फड’ लावलात की लोक लावणीच्या अपेक्षेने बसणार, हे खरं.

‘फेर’ चांगला आहे, घोळ जोडण्यात आहे. फेरविचार, फेरतपासणी, फेरपरीक्षा यांत ‘फेर’ म्हणजे पुन्हा. त्यामुळे ‘फेर नृत्यपथक’ हे कानाला ‘पुन्हा केलेलं नृत्य’ असं लागतं, आणि मुलांना तर फेरपरीक्षाच आठवेल. निवेदक माइकवर ‘यानंतर फेर’ म्हणाला, तर आधीचाच नाच परत होणार असं वाटेल. म्हणून शब्द एकटा सोडू नका, क्रियापद द्या: ‘फेर धरा’. मग पुन्हाचा अर्थ उरत नाही, आणि हाक मारल्यासारखं ऐकू येतं.

कोपरखैरणे४: आमच्या सोसायटीच्या ढोल-ताशा पथकालाही नाव हवंय. ‘गर्जना’ कुणी घेतलंय का?

बेलापूरकर: दादा, इथे नाचाचं चाललंय.

दर्यावरची: मला ‘फेर’ अर्धाच पटतो. जाखडीत गाणारे मधे बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात. तारपा वाजवणाऱ्यामागून साखळी फिरते. दोन्हीकडे फेर आहे. पण कोळी नाचात समोरासमोर रांगा आणि वल्हवण्याची हालचाल, तिथे फेर मुख्य नाही. तुमचं पहिलं गाणं कोळ्याचं असलं तर नाव आणि नाच जुळत नाहीत. ‘ठेका’ तिन्हींना चालेल.

जुनाठाणेकर: ‘ठेका’ अर्थाने अचूक, पण हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याला दारूचं दुकान दिसेल. नवी मुंबईत पोरं पहिल्याच दिवशी त्यावरून चिडवतील. आणि एक: ‘तारपा’, ‘गोंधळी’ ही नावं उचलू नका. तारपा हे वारली वाद्य, तुमच्या तीन नाचांतला एकच त्यावर चालतो. ‘गोंधळी’ ही तर माणसांची ओळख, त्यांचा गोंधळ देवीपुढचा विधी आहे.

ऐरोलीकर: इन्स्टावर कसं लिहायचं? `pher_dhara` की `fer_dhara`?

जुनाठाणेकर: `pher`. `fer` लिहिलंत तर कुणी ‘फेअर’ वाचेल. पाच मुलांना न सांगता मोठ्याने वाचायला लावा, दोन अडखळले तर बदला.

दर्यावरची: आणि ‘फेर धरा’ आला म्हणायचं, आली की आलं?

बेलापूरकर: मुली ‘आली’ म्हणतायत, मुलगे ‘आला’. मी आत्तापर्यंत ‘आले’ म्हणून वेळ मारून नेलीय.