‘व्हेअर यू वेंट?’ चूक, मग ‘टेल मी व्हेअर यू वेंट’ बरोबर कसं?

रंकाळा परिसर, पालक: मुलगी सातवीत आहे. वहीत ‘व्हेअर यू वेंट यस्टरडे?’ला बाईंनी फुली मारली. तिनं ‘व्हेअर डिड यू वेंट’ केलं, तर त्यालाही फुली. त्याच पानावर ‘टेल मी व्हेअर यू वेंट’ला मात्र बरोबरची खूण. तेच शब्द एकदा चूक, एकदा बरोबर. तिला कसं समजावू?

शाहूपुरी: सोपं आहे की. प्रश्नाचा शब्द आला की डू, डज नाहीतर डिड घालायचं. आम्हाला असंच शिकवलंय.

राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका: तसं केलं तर ‘काच कुणी फोडली?’चं ‘हू डिड ब्रेक द विंडो’ होईल. हवं ‘हू ब्रोक द विंडो’. ‘हू’ हाच कर्ता असला की डिड लागत नाही.

ताई, मुलीला आधी मराठी वाक्यं दाखवा. ‘तू काल कुठं गेलीस?’ आणि ‘तू काल कुठं गेलीस ते सांग.’ पहिल्यातला एक शब्द हलला नाही. म्हणूनच आपली मुलं इंग्रजीतही हलवत नाहीत. इंग्रजीत थेट विचारताना कर्त्याच्या आधी साहाय्यक क्रियापद लागतं. ‘वेंट’ एकटंच आहे, म्हणून डिड आणायचा. भूतकाळ डिडनं उचलला की मागं नुसतं ‘गो’ राहतं. तिच्या दुसऱ्या वाक्यात भूतकाळ दोनदा आलाय. ‘टेल मी’च्या पोटात प्रश्न गेला की डिड जातो आणि भूतकाळ परत क्रियापदावर येतो. डजचंही तेच: ‘व्हेअर डज शी लिव्ह?’, पण ‘आय नो व्हेअर शी लिव्ज’. तो शेवटचा ‘स’ परत आला का, एवढं बघायला सांगा.

सीबीएसजवळ, दुकानदार: माझं उलटंच होतंय. मुलाखतीला गेलो तेव्हा ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?’ म्हटलं. भावानं चूक काढली. पण हा प्रश्नच आहे की, शेवटी प्रश्नचिन्ह आहे.

निवृत्त शिक्षिका: प्रश्न आहेच, पण तो ‘कॅन यू’चा. उलटापालट तिथं झाली, आत पुन्हा करायची नाही. ‘व्हेअर द ऑफिस इज’ म्हणा. बोलताना मात्र तुमच्यासारखं पुष्कळ जण म्हणतात, आयर्लंडच्या इंग्रजीतही हे ऐकू येतं. परीक्षेत लिहू नये.

पालक: ती ‘व्हॉट युवर नेम?’ पण म्हणते, ‘इज’ गाळून.

निवृत्त शिक्षिका: ‘नाव काय तुझं?’ यात आपण ‘आहे’ कुठं म्हणतो? इंग्रजीत तिथं ‘इज’ गाळता येत नाही. रोज पाच वाक्यं थेट विचारायला लावा आणि तीच ‘आय डोन्ट नो’ जोडून पुन्हा म्हणायला लावा.

शाहूपुरी: मग ‘टेल मी व्हॉट इज द मॅटर’ चूक का? हे तर सगळीकडं वाचतो.

निवृत्त शिक्षिका: ते चालतं, आणि ‘व्हॉट द मॅटर इज’ही चालतं. ‘व्हॉट’ला तिथं कर्ता मानायचं का, यावर आमच्या शिक्षक खोलीत कितीदा वाद झाला. माझं मत कर्ता मानण्याकडं आहे.

शाहूपुरी: मला अजून पटलेलं नाही. इंग्रजीत एम.ए. केलेल्या भाचीला विचारतो.