मदत हवी आहे : जर्नलमध्ये सेटअपचे टॅग लावले, पण कोणता सेटअप खरोखर पैसे देतो हे अजून कळत नाही

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेले चौदा महिने एनएसईवर रोख बाजारात, दैनिक चार्ट पाहून डिलिव्हरीचे स्विंग ट्रेडिंग करतो. नोकरी सांभाळून करत असल्यामुळे ऑर्डर सकाळी साडेनऊच्या आत टाकतो आणि दर रविवारी आठवड्याचे सगळे व्यवहार एक्सेलच्या वहीत उतरवतो. भांडवल ६ लाख आहे. आतापर्यंत ९४ व्यवहार नोंदवले असून प्रत्येकाला सेटअपचा टॅग लावला आहे. असे एकूण ११ टॅग झाले आहेत.

त्यांतले दोन मोठे आहेत. 'ब्रेकआउट' या टॅगखाली २८ व्यवहार आहेत, त्यांतले ११ नफ्यात गेले आणि एकूण नफा ३१,४०० रुपये झाला. 'पुलबॅक' या टॅगखाली, म्हणजे चढत्या शेअरने २० दिवसांच्या सरासरीपर्यंत खाली येऊन पुन्हा उचल घेतली की केलेली खरेदी, ३४ व्यवहार आहेत. त्यांतले १७ नफ्यात गेले, तरी एकूण तोटा ६,२०० रुपये आहे. आकडे पाहता पुलबॅक बंद करून सगळे भांडवल ब्रेकआउटकडे वळवावे असे वाटते, पण चार्ट पाहताना मात्र पुलबॅक मला अधिक जमतो अशी भावना आहे. माझ्या भावनेवर विश्वास ठेवावा की वहीवर, हा प्रश्न आहे.

निफ्टीप्रेमी

उलट करा. ब्रेकआउटमध्ये तुमचे यश ३९ टक्के आहे आणि पुलबॅकमध्ये ५० टक्के. ज्या सेटअपमध्ये दहापैकी सहा वेळा तोटा होतो तो दीर्घकाळ टिकत नाही. शिवाय टॅग अजून बारीक करा : व्हॉल्यूम जास्त की कमी, क्षेत्र कोणते, निफ्टी सरासरीच्या वर की खाली. एवढे लिहिले की नेमके कुठे पैसे मिळतात ते आपोआप दिसेल.

जमाखर्च

ही वही आयकरासाठी पुरेशी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. २३ जुलै २०२४ पासून शेअरवरील अल्पकालीन भांडवली नफ्यावर २० टक्के कर आहे, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या तारखा ब्रोकरच्या विवरणपत्राशी जुळवून ठेवाव्यात. टॅग वगैरे आपल्या सीएला लागणार नाहीत.

कृष्णाकाठ

जमाखर्च साहेब, आभार, पण करासाठीची नोंद वेगळी ठेवली आहे. ही वही केवळ सेटअप तपासण्यासाठी आहे.

रोजमेळ

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न रुपयांत मांडलेला आहे आणि तिथेच गडबड असावी अशी मला शंका आहे. प्रत्येक व्यवहारात तुम्ही सारखीच जोखीम घेत होता का? एकदा १,००० रुपये पणाला लावले आणि दुसऱ्यांदा ७,०००, तर रुपयांची बेरीज सेटअपबद्दल काहीच सांगत नाही, ती फक्त तुम्ही कोणत्या दिवशी मोठी संख्या घेतली एवढेच सांगते. म्हणून प्रत्येक व्यवहार आरमध्ये मोजा. खरेदीच्या वेळी ठरवलेल्या पहिल्या स्टॉपलॉसपर्यंतचे अंतर म्हणजे १ आर. समजा ४१२ ला घेतला, स्टॉप ४०० चा आणि ४३६ ला विकला, तर १२ रुपयांच्या जोखमीवर २४ मिळाले, म्हणजे २ आर. नंतर स्टॉप वर सरकवला असेल तरी भागाकार पहिल्याच स्टॉपने करायचा, अन्यथा आकडे फुगतात.

निफ्टीप्रेमींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. यशाची टक्केवारी एकटी काही सांगत नाही, हे मात्र त्यांनी सोडून दिले. ३९ टक्के यश आणि सरासरी नफा ३ आर असेल, तर प्रत्येक तोटा १ आरचा धरूनही व्यवहारामागे अर्ध्या आरहून अधिक उरतो. आणि बारीक टॅगांचा सल्ला तर आत्ता मुळीच पाळू नका : ३४ व्यवहारांचे व्हॉल्यूम, क्षेत्र आणि निफ्टी असे तुकडे केले की प्रत्येक कप्प्यात दोन-तीन व्यवहार उरतील आणि त्यांतला एखादा कप्पा केवळ योगायोगाने झळकेल.

C स्तंभात टॅग, D मध्ये खरेदी, E मध्ये पहिला स्टॉप, F मध्ये विक्री असेल, तर H मध्ये पहिले सूत्र घाला. दुसरे सूत्र टॅगची सरासरी देते, आणि त्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा ते तिसरे सांगते.

```
=(F2-D2)/(D2-E2)
=AVERAGEIFS(H2:H95,C2:C95,"पुलबॅक")
=STDEV.S(FILTER(H2:H95,C2:C95="पुलबॅक"))/SQRT(COUNTIF(C2:C95,"पुलबॅक"))
```

कृष्णाकाठ

रात्री बसून सगळे पुन्हा मोजले आणि चित्र पार उलटे निघाले.

ब्रेकआउटची बेरीज फक्त ३.२ आर आहे, आणि त्यातही एकच व्यवहार ९.४ आरचा आहे. ६४० ला २५० शेअर घेतले होते, स्टॉप ६२४ चा होता, तिमाही निकालांनंतर भाव उसळला आणि ७९०.४० ला विकले. त्या दिवशी खात्री वाटली म्हणून नेहमीच्या १,००० ऐवजी ४,००० रुपयांची जोखीम घेतली होती, त्यामुळे एकट्या त्या व्यवहाराने ३७,६०० रुपये दिले. तो बाजूला ठेवला तर उरलेले २७ मिळून ६,२०० रुपयांनी तोट्यात आहेत.

पुलबॅकची बेरीज ६.८ आर, म्हणजे सरासरी ०.२ आर. सलग चार नफे झाल्यानंतर मी दोनदा ७,५०० रुपयांची जोखीम घेतली आणि दोन्ही वेळा स्टॉप लागला. रुपयांतला तोटा त्या दोन दिवसांचा आहे. तिसऱ्या सूत्राचे उत्तर ०.२२ आले. त्याचा अर्थ नीट कळला नाही.

रोजमेळ

अर्थ असा की ०.२ ही सरासरी दोन्ही बाजूंना साधारण ०.२२ ने सहज हलू शकते. खरा आकडा शून्य असू शकतो, ०.४ ही असू शकतो, आणि ३४ व्यवहारांवरून त्या दोहोंत फरक करता येत नाही. व्यवहार चौपट झाले की ही अनिश्चितता निम्मी होते, म्हणजे तुमच्या गतीने अजून तीन-साडेतीन वर्षे. याला आडवाट नाही.

दुसरी गोष्ट विचारतो. तुम्ही टॅग रविवारी लावता असे लिहिले आहे. उरलेल्या नऊ टॅगांची नावे देता का?

ऋतुजा_कोथरूड

मी निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये इंट्राडे करते, तिथे माझा आरचा प्रयोग फसला, म्हणून लिहिते. ठरवलेला स्टॉप ठरल्या भावाला लागतोच असे नाही. बातमीच्या वेळी प्रीमियम स्टॉप ओलांडून खाली गेला आणि माझा 'एक आर'चा तोटा प्रत्यक्षात १.८ आर झाला, असे बऱ्याचदा घडले. तेव्हा मी दोन स्तंभ ठेवले, ठरवलेली जोखीम आणि झालेला तोटा, आणि त्यांतल्या फरकावरून माझा खरा त्रास सेटअपचा नसून साडेनऊच्या आतल्या व्यवहारांचा आहे हे दिसले. दादा, तुम्हीही त्याच वेळी ऑर्डर टाकता, म्हणून पाहून घ्या.

कृष्णाकाठ

ताई, माझे बहुतेक तोटे ०.९ ते १.१ आरमध्येच आहेत, तरी दुसरा स्तंभ वाढवतो. रोजमेळ, टॅगांची नावे अशी : 'फसवा ब्रेकआउट' (९ व्यवहार), 'ट्रेंड तुटला' (५), आणि उरलेल्या सात टॅगांत मिळून १८ व्यवहार, म्हणजे डबल बॉटम, फ्लॅग, गॅप इत्यादी.

रोजमेळ

'फसवा ब्रेकआउट' हा सेटअप तुम्ही सकाळी ऑर्डर टाकताना ओळखला होता का? फसणार हे माहीत असते तर खरेदीच केली नसती. ते ब्रेकआउटच होते. भाव दुसऱ्या दिवशी पातळीखाली आला म्हणून रविवारी तुम्ही त्यांना वेगळ्या घरात बसवले. नापास मुलांची वेगळी तुकडी केली की पहिल्या तुकडीचा निकाल चांगला लागणारच. 'ट्रेंड तुटला' हाही पुलबॅकचाच कचरा असावा असा माझा कयास आहे. टॅगच्या नावात निकाल दडला असेल तर तो टॅग नव्हे.

कृष्णाकाठ

खरे आहे, आणि लाजही वाटते. 'फसवा'चे नऊ व्यवहार, त्यांतले आठ तोट्यात, बेरीज उणे ७.५ आर. ते ब्रेकआउटमध्ये मिसळले तर ३७ व्यवहारांची बेरीज उणे ४.३ आर होते, आणि त्यात तो ९.४ चा व्यवहार धरलेला आहे. गंमत म्हणजे रुपयांत तो टॅग अजूनही २३,९०० नफ्यात दिसतो.

'ट्रेंड तुटला'चे पाच व्यवहार उणे ४ आर आहेत. त्यांतले तीन पुलबॅकच होते हे आदल्या रात्री लावलेल्या अलर्टवरून सिद्ध होते. उरलेले दोन काय समजून घेतले होते ते मला आठवत नाही आणि चार्टचे चित्रही जपलेले नाही. पाचही धरले तर पुलबॅक ३९ व्यवहारांत २.८ आर, म्हणजे सरासरी ०.०७ वर येतो.

रोजमेळ

आणि हे खर्चाआधीचे आहे, कारण माझ्याच सूत्रात खर्च नव्हता. डिलिव्हरीत एसटीटी खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का. वरच्या उदाहरणात ४१२ वर १२ रुपयांचा स्टॉप, म्हणजे जवळपास ३ टक्के, तर एकटा एसटीटीच ०.०७ आर खातो. तुमची सरासरी तिथेच संपली, स्टँप ड्यूटी आणि डीपी शुल्क अजून बाकीच आहे. स्टॉप १ टक्क्याचा ठेवलात तर तोच एसटीटी ०.२ आर होतो. म्हणून जवळचा स्टॉप असलेला सेटअप कागदावर आरमध्ये देखणा दिसला, तरी खर्च वजा करूनच मोजा.

निफ्टीप्रेमी

मग दोन्ही सेटअप बंद करायचे का? चौदा महिने वाया गेले म्हणायचे!

रोजमेळ

बंद करावेत असे म्हणण्याएवढा पुरावाही नाही. ब्रेकआउटमध्ये मोठे व्यवहार विरळच येतात, त्यामुळे ९.४ आरचा तो व्यवहार अपवाद होता की तोच त्या सेटअपचा स्वभाव आहे, हे ३७ व्यवहारांत ठरत नाही. मी असतो तर दोन्ही चालू ठेवून जोखीम निम्मी केली असती. यावर मतभेद असू शकतात.

कृष्णाकाठ

तूर्त असे ठरवले आहे : टॅग तीनच, ब्रेकआउट, पुलबॅक आणि इतर. प्रत्येक व्यवहाराची जोखीम ५०० रुपये, कितीही खात्री वाटली तरी. टॅग, स्टॉप आणि चार्टचे चित्र ऑर्डरच्या आदल्या रात्री स्वतःलाच ईमेल करायचे, म्हणजे त्यावर वेळ उमटेल आणि रविवारी हात फिरवता येणार नाही.

एक अडचण मात्र उरते. एखादा शेअर २० दिवसांच्या सरासरीवरून उचलतो आणि त्याच दिवशी जुनी पातळीही ओलांडतो, तेव्हा तो कोणत्या घरात घालावा? अशी सहा-सात उदाहरणे माझ्या वहीत आहेत.

ऋतुजा_कोथरूड

स्टॉप कशाच्या खाली लावला ते पाहा. सरासरीच्या खाली असेल तर पुलबॅक, पातळीच्या खाली असेल तर ब्रेकआउट. मी तरी असेच करते.

रोजमेळ

हे मला सुचले नसते. फक्त जुन्या सहा-सात व्यवहारांना हा नियम आता मागे जाऊन लावू नका, त्यांना 'इतर'मध्येच राहू द्या.