मदत हवी आहे: दुसऱ्या मेहुणीचं स्थान कोणतं धरायचं?

नमस्कार मंडळी. परभणीच्या एका नातलगाची पत्रिका बघतोय. 1991 चा जन्म, वृषभ लग्न, नवमात मकरेचा शनी, तृतीयात कर्केचा गुरू. बायको घरात थोरली, पाठीवर दोन बहिणी. दोघींच्या सोयरिकी चालू आहेत, त्यांतल्या मोठीची दोनदा मोडली. बायकोची जन्मवेळ नाही (घरीच बाळंतपण, तारीखही शाळेत घालताना लावलेली), आणि मुलींच्या पत्रिका त्यांच्या घरचे देत नाहीत. म्हणून नवऱ्याच्याच पत्रिकेवरून बघावं लागतंय.

सप्तमापासून तिसरं म्हणजे नवम, ते थोरल्या मेहुणीचं. तिचा विवाह नवमापासून सातवा, म्हणजे तृतीयात. तिथे उच्चीचा गुरू, पण समोरून शनीची पूर्ण दृष्टी. उशीर होईल पण ठिकाण चांगलं मिळेल, असं मी वाचलं. इथवर जुळतंय.

घोडं धाकटीपाशी अडलंय. नवमापासून पुन्हा तिसरं मोजलं तर लाभस्थान येतं आणि तिचा विवाह पंचमातून बघावा लागतो. पण सप्तमापासून अकरावं, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावंडाचं स्थानही पंचमच. आमच्याकडचे एक गुरुजी म्हणतात, सगळ्या धाकट्या भावंडांना एकच नवम धरा. मग एकीची सोयरीक मोडते अन् दुसरीची जमते, हे वेगळं कसं काढायचं?

शिवाय नवम वडिलांचंही. तिथला शनी मेहुणीला लावायचा की नवऱ्याच्या वडिलांना, हे तुम्ही कशावरून ठरवता: कारकावरून, की चालू दशेवरून?