पिन घरावर नको, गाडी थांबते तिथे टाका

> ‘वाडीतल्या घराला पत्ताच नाही. लोकेशन पाठवलं तरी पाहुण्यांची गाडी व्हाळापलीकडे जाते.’

गूगल मॅप गाडीला पिनच्या सर्वांत जवळच्या नोंदलेल्या रस्त्यावर नेतो. तो रस्ता व्हाळापलीकडचा असेल तर पिन अचूक असूनही गाडी तिकडेच जाणार. म्हणून सॅटेलाइट लेयर लावा, कौलं दिसेपर्यंत झूम करा आणि घरावर नव्हे, तर गाडी उभी राहते त्या बेड्यापाशी बोट दाबून धरा. लाल पिन पडली की वर किंवा खाली 17.12345, 73.45678 असे आकडे येतात. दशांशानंतर पाच अंक ठेवा, म्हणजे फरक साधारण मीटरभराचा. तीनच ठेवलेत तर शंभरेक मीटरचा. हे आकडे साध्या एसएमएसनेही जातात.

पाठवण्याआधी हायवेच्या फाट्यापासून त्या पिनपर्यंत डायरेक्शन्स काढून बघा. निळी रेघ पलीकडच्या काठावर संपत असेल, तर पिन अलीकडच्या रस्त्यावर सरकवा आणि उरलेली वाट दोन ओळींत लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपचं करंट लोकेशन पाठवायचंच असेल तर अंगणात उघड्यावर या. त्याखाली अचूकतेचे मीटर दिसतात. आकडा मोठा असेल तर जरा थांबा, तो उतरतो.