मदत हवी आहे: मोटरच्या करंटमधला बिघाड एका वाक्यात कसा सांगू?

भोसरीकर: आम्ही तिघांनी एक यंत्र केलंय. इंडक्शन मोटरच्या पॅनेलमध्ये केबलला करंट मोजणारी सीटी अडकवायची, करंट बघायचा आणि रोटरचा बार तुटतोय का ते ओळखायचं. ४ पोलची मोटर १४७० आरपीएमने फिरत असेल तर स्लिप, म्हणजे १५००च्या मागे पडणं, २ टक्के. बार तुटला की ५० हर्ट्झच्या दोन्ही अंगांना, ४८ आणि ५२ला, बारीक शेंड्या उभ्या राहतात. त्या शोधायच्या, एवढंच.

ब्रोशरवर लिहिलं, 'करंट सिग्नेचर ॲनालिसिसवर आधारित प्रेडिक्टिव्ह प्लॅटफॉर्म'. एका कारखान्याच्या खरेदीवाल्यांनी वाचून विचारलं, "यानं वीजबिल कमी होतं का?" मग 'मोटरचा ईसीजी' केलं. खरेदीवाले खूश! पण गुंतवणूकदार बाई म्हणाल्या, "असं तर व्हायब्रेशनवालेही म्हणतात. तुमचं वेगळं काय?" आता दोन ब्रोशर करू का?

झणझणीत: इंटेल इनसाइडसारखं करा की! आत काय आहे कुणाला कळत नव्हतं, तरी स्टिकरवर खपलं.

पॅनेलवाला_काका: स्टिकरवर नाही खपलं. १९९१पासून इंटेल संगणक बनवणाऱ्यांच्या जाहिरातींचा काही खर्च स्वतः उचलत होतं. भोसरीकरांकडे तेवढे पैसे असते तर त्यांनी इथे विचारलं असतं का?

नीता_ठाणे: आमच्या बोअरची मोटर गुणगुणते, तिला हे लावता येईल?

भोसरीकर: ताई, हे कारखान्यातल्या थ्री फेज मोटरींसाठी आहे. आधी कपॅसिटर बघून घ्या.

पॅनेलवाला_काका: दोन ब्रोशर नकोत. बाई खरेदीवाल्यांना फोन लावणारच, आणि दोघांच्या तोंडी वेगळी गोष्ट आली की संपलं. ईसीजी ठेवायचा तर ठेवा, पण त्यात तुमचं वेगळेपण कुठेच नाही. व्हायब्रेशन सेन्सर मोटरच्या अंगावर बसवावा लागतो. विहिरीतल्या पंपाला किंवा भट्टीजवळच्या पंख्याला तो कसा बसवणार? तुमचं सगळं काम पॅनेलमध्ये. म्हणून लिहा: 'मोटरजवळ न जाता, पॅनेलमधूनच रोटरचा बिघाड आधी कळतो.' खरेदीवाल्यांना त्यात सोय दिसेल, बाईंना वेगळेपण.

आणि खाली मर्यादाही लिहा. मोटर रिकामी फिरत असली की स्लिप अर्ध्या टक्क्यावर येते, शेंड्या ४९.५ आणि ५०.५ला सरकतात आणि ५०च्या डोंगराआड जातात. डेमोला नेमकी अशीच मोटर मिळाली तर?

भोसरीकर: मिळाली होती, काका! तासभर काहीच दिसलं नाही. पण 'पुरेसा लोड हवा' असं ब्रोशरवरच लिहिलं तर खरेदीवाले बिचकणार नाहीत?

झणझणीत: बिचकतील. मी तरी नसतं लिहिलं.

पॅनेलवाला_काका: मी लिहिलं असतं. बरं, वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडीवरच्या मोटरींचं काय करताय? तिथे ५० हर्ट्झच ठरलेलं नसतं.

भोसरीकर: तिथे अजून अडलोय.