फोटोवरून पेन्सिल-कोळशाचं स्केच: रेषा जुळतात, मग चेहरा का हरवतो?

पाटीपेन्सिल:
आजीचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे. खिडकीचा उजेड एका बाजूने येतोय. गाल आत गेलेले, डोळे खोल, कपाळावर मोठं कुंकू, केस निम्मे काळे. फोटोत चेहऱ्याची रुंदी साधारण ८०० पिक्सेल भरते. जिंपमध्ये नेहमीची कृती केली: कृष्णधवल, त्याची प्रत, प्रत उलटी केली, मोड Dodge, मग ५ चा गॉशियन ब्लर. स्केच सुबक आलं, पण घरातलं कोणीच 'ही आजी' म्हणत नाही. कुंकूही जवळजवळ गेलं. फिल्टरमध्येच काही बदलायला हवं, की हे काम हातानेच करायचं असतं?

छायाप्रकाश:
फिल्टरचा दोष नाही, तो त्याला सांगितलेलंच करतोय. त्या कृतीत मूळ चित्राला त्याच्याच धूसर प्रतीने भागलं जातं. एखादा पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा गडद असेल तर तो काळा उमटतो, शेजाऱ्यांइतकाच असेल तर पांढरा. 'शेजार' किती मोठा हे ब्लर ठरवतो. ५ च्या ब्लरला दहा-पंधरा पिक्सेलांपलीकडचं काही दिसत नाही आणि तुमच्या आजीच्या गालाचा खळगा सहज दीडशे पिक्सेल रुंद असेल. त्या खळग्याच्या आत सगळे शेजारी सारखेच गडद, म्हणून तिथे पांढरं. डोळ्यांच्या खोबणींचं तेच आणि काळ्या केसांचंही तेच. केसांच्या कडा उरल्या, काळेपण गेलं. सुरकुत्या मात्र बारीक असतात, त्या सगळ्या आल्या. म्हणजे आजीचं वय आलं, आजी नाही आली.

कुंकवाचं कारण वेगळं आहे. कृष्णधवल करताना लाल चॅनेल जास्त घेतलं गेलं की लाल रंग उजळ होतो, आणि कातडीही उजळच असते. दोन्ही एकमेकांत मिसळतात, ओठही फिके पडतात. `Colors > Components > Mono Mixer` मध्ये लाल ०.२, हिरवा ०.८, निळा ० ठेवा. हिरव्यात कुंकू आणि ओठ दोन्ही गडद येतात. निळा वाढवू नका, त्यात कातडीचे डाग आणि मोबाईलचा गोंगाट दोन्ही वर येतात.

बोरूबहाद्दर:
एवढं कशाला? ब्लर ५ ऐवजी ६० करा. खळगे येतील, केस काळे होतील, प्रश्न संपला.

छायाप्रकाश:
खळगे येतील, हे बरोबर. पण त्याच ६० मुळे पापणीची रेघही पसरट होईल, कारण आता प्रत्येक कडेला आतल्या बाजूने साठ-सत्तर पिक्सेलांची काळी पट्टी लागते. पदराचा काठ, कानाची पाळी, जबडा, सगळीकडे तीच पट्टी. आणि केसांच्या मधोमध तरीही पांढरा डाग राहील. एकाच ब्लरकडून रेषा आणि छाया दोन्ही मागू नका. रेषेसाठी चेहऱ्याच्या रुंदीच्या दीड-दोन टक्के, म्हणजे तुमच्याकडे १२ ते १६. छाया वेगळ्या थरातून परत आणा: मूळ कृष्णधवलाची आणखी एक प्रत सगळ्यांत वर, ४ चा ब्लर, मोड Multiply, अपारदर्शकता ४०. पेन्सिलीसाठी ४० पुरे, कोळशासाठी ७०-७५ पर्यंत जा.

पायथनमध्ये करायचं तर:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("aaji.png", 0).astype(np.float32)
b = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 0.018 * 800)
line = np.clip((g + 25) / (b + 25), 0, 1)
tone = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 4) / 255
out = line * (0.6 + 0.4 * tone)
cv2.imwrite("sketch.png", (out * 255).astype(np.uint8))
```

यातले २५ विसरू नका. अगदी काळ्या भागात मूळ आकडे २, ३, ४ असे असतात. त्यांना भागलं की एका आकड्याचा फरकही मोठा होतो आणि केसांत जेपेगचे चौकोन दिसायला लागतात. दोन्हीकडे २५ मिळवले की ते शांत होतात. या कोडमध्ये कृष्णधवल नेहमीच्या सूत्राने होतं, तेव्हा `aaji.png` ही मिक्सरमधून काढलेलीच प्रत द्या, नाहीतर कुंकू पुन्हा फिकं पडेल.

कोळसाकागद:
वरचं सगळं तांत्रिकदृष्ट्या पटलं, तरी माझा विरोध आहे. Multiply चा थर सगळीकडे सारखा चढवला की फिका पडलेला फोटो मिळतो, त्यावर रेघा मारल्यासारखा. साडीची नक्षी, मागची भिंत, गळ्याची सावली यांना गालाच्या खळग्याइतकंच वजन मिळतं. कोळशाने काढणारा असं कधी करत नाही. तो आधी डोळे बारीक करून तीनच छटा ठरवतो: कागदाचा पांढरा, एक मधली, एक काळी. मग कुठल्या सावल्या एकत्र वाहू द्यायच्या आणि कुठली सोडून द्यायची ते बघतो. ओळख या निवडीत असते.

हाताने करायचं तर फोटो हव्या त्याच आकारात छापा. छापाच्या मागे वेलीचा मऊ कोळसा घासा, कागदावर ठेवा आणि पुढून फक्त बिंदू टोचा: डोळ्यांचे चारही कोपरे, नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडा, ओठांचे कोपरे, हनुवटी, कानांचे वरचे-खालचे टोक. पंधरा बिंदू पुरतात. बाह्यरेषा गिरवू नका. गिरवलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होते आणि नाकाच्या उजेडाकडच्या बाजूला, जिथे मुळात रेघच नाही, तिथेही ती येऊन बसते. आणि खालचं रेखाटन एचबी पेन्सिलीने करू नका. ग्राफाइटच्या चकाकीवर कोळसा धरत नाही, नेमकी डोळ्याजवळ करडी रेघ उघडी राहते.

पाटीपेन्सिल:
बिंदू कशाला, ग्रिडने नाही का चालणार?

कोळसाकागद:
चालेल, फक्त चौकोन लहान हवेत. एक डोळा पूर्ण एका चौकोनात मावत असेल तर आतलं सगळं अंदाजानेच होतं. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतलं अंतर कागदावर ३ सेंटिमीटर असेल, तर दीड मिलिमीटरची चूक म्हणजे ५ टक्के. हनुवटीत तेवढी चूक खपते, डोळ्यांत नाही. फोटोवर चौकोन २ सेंटिमीटरचे आणि कागदावर ३ चे घ्या, दीडपट मोजायला सोपं जातं. चेहऱ्याच्या मधल्या त्रिकोणात, भुवयांपासून ओठांपर्यंत, चौकोन आणखी चार भागांत तोडा.

शाईचाडाग:
मला पण हेच करायचंय, पण माझ्याकडे मामांचा फक्त पासपोर्ट साइझ फोटो आहे, तोही खडबडीत कागदावरचा. स्कॅन करून हीच कृती केली तर तोंडभर जाळी येते. हा ब्लरचाच दोष ना?

छायाप्रकाश:
नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ती कागदाची वीण आहे. तीही 'शेजाऱ्यांपेक्षा गडद' असते, म्हणून फिल्टर तिला रेषा समजतो. १२०० डीपीआयला एकदा सरळ आणि एकदा फोटो १८० अंश फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन संगणकात उलटा फिरवून पहिल्यावर नीट बसवा आणि अपारदर्शकता ५० ठेवा. स्कॅनरचा दिवा दोन वेळा उलट बाजूंनी पडल्यामुळे वीण बरीच पुसली जाते. ३५ मिलिमीटरच्या फोटोत चेहरा साधारण १६ मिलिमीटर असतो, म्हणजे साडेसातशे पिक्सेल मिळतात. तेवढे पुरे.

आता कोळसाकागद यांच्या मुद्द्यावर. सारखा थर चढवू नये, हे मान्य. पण म्हणून हातच हवा असं नाही. Multiply च्या थराला मास्क लावा. मास्क आधी पूर्ण काळा करा, म्हणजे छाया कुठेच नाही. मग मोठ्या मऊ ब्रशने, पांढऱ्या रंगाने, फक्त चार ठिकाणं उघडा: दोन्ही खोबणी, गालाचा खळगा, नाकाखालची सावली, केस. साडी आणि भिंत मास्कखालीच राहू द्या. ही निवडच झाली. फरक इतकाच की सावलीची जागा आणि आकार फोटोकडून येतात, त्यामुळे ते चुकत नाहीत.

कोळसाकागद:
जागा चुकत नाही, पण फोटोच चुकलेला असेल तर? मोबाईल हातभर अंतरावरून धरला की नाक मोठं आणि कान मागे जातात. माणसाला समोर बसलेलं आपण दीड-दोन मीटरवरून पाहतो आणि ओळख त्या अंतराची असते. फिल्टर ती चूक इमानाने उतरवतो. हाताने काढताना नाक थोडं आवरून घेता येतं.

बोरूबहाद्दर:
'थोडं आवरून' म्हणजे किती? प्रमाण नसेल तर तो अंदाज झाला, आणि मग बिंदू टोचून काय मिळवलं?

कोळसाकागद:
आजीचे दुसरे फोटो असतीलच, समारंभातले, लांबून काढलेले. त्यांत डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतलं अंतर आणि नाकपुड्यांची रुंदी मोजा. फोटो समोरून काढलेला हवा, मान वळलेली असेल तर प्रमाण खोटं येतं. दोन-तीन फोटोंत प्रमाण जुळलं की तेच धरा. असा एकही फोटो नसेल तर मात्र नाकाला हात लावू नये, हे मान्य.

पाटीपेन्सिल:
सगळं करून पाहिलं. मिक्सर बदलल्यावर कुंकू ठसठशीत आलं. ब्लर १४, छाया ४५, मास्क फक्त सांगितलेल्या जागी. आई लगेच म्हणाली, 'आत्ता वाटतेय.' पण कोळशाचा भास यावा म्हणून वर कागदाचा पोत घातला आणि डोळे पुन्हा मेले.

छायाप्रकाश:
पोताचे कण मोठे असणार. चेहरा ८०० पिक्सेल असेल तर बुबुळ साधारण ६५-७० पिक्सेल आणि त्यातला चमकेचा ठिपका जेमतेम ८-१०. पोताचा कण ६ पिक्सेलांचा असेल तर तो ठिपका खाऊन टाकतो. कण २-३ पिक्सेल ठेवा आणि डोळे, ओठांची मधली रेघ, नाकपुड्या यांवरून पोत मास्कने काढून टाका. पोत केस, गाल आणि पार्श्वभूमीवर असू द्या. तपासताना चित्र १२० पिक्सेल रुंदीचं करून, आधीचं न पाहिलेल्या घरच्या माणसाला दाखवा. आईने आता पाहिलंय, तिचं मत यापुढे धरू नका.

कोळसाकागद:
लहान करून तपासणं उत्तम, हातानेही हेच करतात: तीन मीटर मागे जाऊन बघतात. पण चमकेचा ठिपका फोटोतून जसाच्या तसा घेण्याला माझा विरोध कायम आहे. खिडकीची चमक लांबुडकी आणि कडेला असते, छोट्या चित्रात ती मोतीबिंदूसारखी दिसते. मऊ रबराच्या टोकाने एकच टिंब उचललं तरी पुरतं, तुमच्या पद्धतीत पांढऱ्या ब्रशने. आजीच्या डोळ्यांत ती चमक खरंच कुठे पडायची, हे मात्र घरच्यांनाच विचारावं लागेल.